पाचव्या वर्तुळातले लाल ठिपके

नगररचना कार्यालयात त्यांना सगळे कंपासराव म्हणत. हे नाव पडलं, साहेबांच्या हुकमानं शहराच्या प्रत्येक नकाशावर ते कंपासनं आखत त्या पाच वर्तुळांमुळे. मधोमध बाजारपेठ, भोवती कारखाने आणि पडझडीची वस्ती, मग कामगारांची घरं, मग मध्यमवर्ग, आणि पाचव्या वर्तुळात स्वतःच्या गाडीनं कामाला येणारे सुखवस्तू. शंभर वर्षांपूर्वी परक्या देशातल्या एका शहराकडे बघून कुणी मांडलेलं हे चित्र साहेबांना तोंडपाठ होतं. कंपासराव पडले गरीब गाय. साहेब म्हणतील ती पूर्व दिशा.

त्या दिवशी बारा वाजता आराखड्यावर सह्या होणार होत्या. पाचव्या वर्तुळातल्या बसफेऱ्या रद्द, कारण तिथल्यांकडे म्हणे गाड्या! कंपासरावांची थोरली बहीण तिथेच राहायची. मध्यातली जुनी वस्ती पाडून टोलेजंग इमारती झाल्या, आणि ताई फेकली गेली शहराच्या टोकाला. आता त्याच इमारतींत भांडी घासायला ती दोन तास बसनं यायची.

पाहणी करणाऱ्या मुलीनं आणलेल्या नकाशावर एक लाल ठिपका म्हणजे गाडी नसलेलं एक घर. पाचव्या वर्तुळात ठिपके नुसते खच्चून भरले होते. याआधी दोन वेळा कंपासरावांनी ते ब्लेडनं खरवडले होते. वर्तुळात बसत नाही म्हणजे पाहणीत चूक, असं त्यांना मनापासून वाटायचं. या वेळी ताईची बस डोळ्यांसमोर आली आणि हातच उचलेना.

"ही घाण कसली?" साहेब कडाडले.

"घरं आहेत, साहेब." कंपासराव म्हणाले. "ही वर्तुळं ज्या शहरावरून काढली, ते मधून बाहेर सावकाश पसरलं. आपलं दहा वर्षांत दुप्पट झालं. कारखाने हमरस्त्याच्या कडेनं गेले, नवा बाजार विमानतळापाशी उभा राहिला. पैसेवाले मध्यात राहतात आणि गरीब टोकाला. वर्तुळांत मावतच नाही ते."

"मग मागच्या दोन नकाशांत हे ठिपके का नव्हते?"

समोर पाहणी करणारी मुलगी मान खाली घालून बसली होती. तिच्यावर ढकललं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं. कंपासरावांच्या निवृत्तीला आठच महिने उरले होते.

"तिनं आणले होते," कंपासराव म्हणाले. "मी खरवडले."

"लिहून द्या. चौकशी बसेल तुमच्यावर."

त्यांनी लिहून दिलं, खाली सही केली. साहेबांनी ते दोनदा वाचलं; असा कागद फाइलीत असताना त्यांना सही करवेना, आणि फेरपाहणी होईपर्यंत बसफेऱ्या रद्द करण्याचं कलम त्यांनी आराखड्यातून काढलं. कंपासरावांनी जिन्यात उभं राहून बहिणीला फोन लावला.

"ताई, तुझी बस चालू राहणार."

"बंद कशाला होईल रे?" ताई हसली. "पाय ठेवायला जागा नसते तिच्यात. एवढी माणसं काय कुणाला दिसत नाहीत?"