आठ कोयत्यांचं कौतुकपत्र

मी मुळातच भित्रा. गावच्या दूध संस्थेचा सचिव असताना साध्या पावतीवर सही करतानाही दोनदा इकडेतिकडे बघायचो. पण त्या दुष्काळात एक कौतुकपत्र वाचताना जी भीती वाटली, तिची सर कशालाच नाही.

पाझर तलावाजवळच्या विहिरीपासून संस्थेच्या हौदापर्यंत जनावरांसाठी पाइपलाइन व्हायची होती. खडक लागताच ठेकेदार पसार झाला. दोन महिने पाइप उन्हात पडून होते आणि गुरं कोरड्या हौदाला तोंड लावून परत जायची. शेवटी दिवाळीनंतर आठ कोयते धावून आले. ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कारखान्यावर निघायच्या तोंडावर त्यांनी पाच दिवसांत खडक फोडला, पाइप जोडले. दुसऱ्या दिवशी टोळी नेणाऱ्या मुकादमाची गाडी येणार होती. चरात माती लोटून मोकळं व्हावं, असं पुरुषांचं म्हणणं. त्यांतली एक बाई मात्र अडून बसली.

"सांध्यांचं सोल्यूशन वाळू द्या. पाणी सोडून बघू, मंग बुजवू."

मुकादमाला निरोप गेला, लेकरं तापानं फणफणलीत. गाडी रिकामीच गेली. पाणी सोडलं तर खडकातला सांधा गळत होता. तो कापून नवा बसवला, वाळू दिला, मग हौद भरला. ते सगळे जीपने मांजरसुंब्याला आणि तिथून पुढे कारखान्यावर गेले.

गुढीपाडव्याला ते परतल्यावर अध्यक्षांनी सत्कार ठेवला. मला बजावलं, "गुळमुळीत लिहू नका. कुणी काय केलं ते येऊ द्या." मी मन लावून लिहिलं आणि चुकू नये म्हणून आदल्या दिवशी त्या बाईला वाचूनही दाखवलं. ती लाजली, पण खूश झाली.

सत्काराला उभा राहिलो आणि पाहतो तर पहिल्या रांगेत मुकादम! पुढच्या हंगामाची टोळी तोच ठरवणार होता. गाडी सोडून सांध्यासाठी थांबल्याचं वाक्य वाचलं की यांचं खोटं उघडं पडणार. मी ते गाळलं आणि "आठ कोयत्यांनी मोलाचे सहकार्य केले" म्हणून कागदाची घडी घालायला लागलो.

ती बाई उभी राहिली. "सायब, सांध्याचं काहून गाळलं?"

मी चोरून मुकादमाकडे पाहिलं.

"वाचा की. ताप कुणालाच नव्हता, गाडी आमी सोडली. आन आठ न्हाई, सोळा माणसं लिवा. कोयत्यात बाईबी असती."

मी आठचे सोळा केले आणि सगळं वाचलं. टाळ्या पडल्या. मुकादमानेही वाजवल्या, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

पुढच्या दिवाळीनंतर मुकादमाची गाडी आली तेव्हा सातच कोयते चढले. ती हौदावर म्हशीला पाणी पाजत उभी होती. मी मान खाली घालून जायला लागलो, तर तिनेच हाक मारली, "सायब, सांधा गळत न्हाई ना?"