आत्याचा कागद आणि भिंत

आत्या जन्मभर शिवणकाम करत आली. माप एकदा घेतलं की पुन्हा घ्यायचं नाही आणि कुणाचं ऐकायचं नाही, हा तिचा खाक्या. आमच्या घराण्यात हट्टाला तोटा नाही, पण तिच्यापुढे आम्ही सगळे कच्चे लिंबू.

तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली तेव्हा व्यायामाचा कागद इंग्रजीत मिळाला. फिजिओथेरपीच्या बाईंना विचारून मी तो मराठीत उतरवला. पंजा स्वतःकडे ओढा, मग पुढे ढकला. गुडघ्याखाली टॉवेल ठेवून पाच आकडे मोजेपर्यंत खाली दाबून धरा, मग सोडा. असं दहा वेळा. धरायचे आकडे वेगळे आणि करायच्या वेळा वेगळ्या, हे बाईंनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. थोडं दुखेल, म्हणून सोडू नका. पुढची बाजू भरली, म्हणून धोक्याच्या खुणा मागे लिहिल्या आणि खाली लिहिलं, ‘मागे पाहा’.

मी परगावी नोकरीला, आत्या एकटी. शेजारीण सकाळ-संध्याकाळ यायची. मी रोज फोन करायचो आणि आत्या परीक्षेत पहिली आल्यासारखी आकडे ऐकवायची.

एका दुपारी ती फोनवर सहज म्हणाली, पोटरी दगडासारखी झालीय, गरमही लागतेय, म्हणजे व्यायाम लागू पडतोय.

पायात रक्ताची गाठ झाली असेल, व्यायाम थांबव, पोटरी चोळू नकोस, मी अँब्युलन्स बोलावतो, असं मी एका दमात सांगून टाकलं. ती हसली. दुखलं तरी सोडायचं नाही, हे तूच लिहिलंयस ना, म्हणाली.

“आत्या, कागदाची मागची बाजू वाच.”

“मागे भिंत आहे.”

कापडाचे नमुने ती मशीनशेजारच्या भिंतीवर खळ लावून चिकटवायची, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. कागदही तसाच लागला होता, चारही कडा घट्ट.

ऑफिसच्या फोनवरून मी अँब्युलन्सला पत्ता दिला. शेजारीण कामावर होती, तिलाही कळवलं, ती निघाली. आत्याशी चालू असलेला फोन मी कानापासून काढला नाही. आधी खरवडण्याचा आवाज येत होता. कात्री घेतली असणार. मग तिचा श्वास ऐकू यायला लागला, जिना चढून आल्यासारखा, आणि ती तर खुर्चीतच होती. राहू दे गं तो कागद, मी म्हणत होतो. इतका हतबल मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. पण एकदा हातात घेतलेलं काम तिने कधी अर्धवट टाकलं होतं?

कागद फाटल्याचा आवाज आला. शाळेतल्या मुलीसारखी, शब्द तोडत ती वाचू लागली.

“धाप लागली... किंवा छातीत दुखलं... तर लगेच अँब्युलन्स बोलवा.” मग दम घेतला. “तोवर... एकटं राहू नका.”

“बरं,” आत्या म्हणाली. “मग तू फोन ठेवू नकोस.”