ओवीतला बंधू

नाचणीच्या ताज्या पिठाचा वास आला की किन्हवलीचं आमचं जातं आठवतं. वाशिंदला भात नेणारा एक गाडीवान मला आवडायचा, पण सांगायची छाती नव्हती. लग्न न झालेल्या मुलीनं ओवीत बाप-भावाशिवाय आणायचं तरी कुणाला? म्हणून एका सकाळी मी त्यालाच बंधू केलं आणि गायले, “वाशिंदच्या वाटं गाडी कुणाची वाजते, बंधू माझा येतो, माळ बैलाला साजते.” समोर दळणारी वहिनी हसली. “तुझ्या दादाकडं गाडी कधीपासून गो? तो तर पायी जातो.” खुंट्यावर माझ्या हातावर तिचा हात होता, दळण अर्धं राहिलेलं, उठता येईना. ओवी भावाचीच वाटावी म्हणून मी ती पुन्हा मोठ्यानं म्हटली. तेवढ्यात ओटीवरून त्या गाडीवानाचाच आवाज आला. पोती न्यायला येऊन तो केव्हाचा ऐकत बसला होता. “बंधू आलाय गो ताई, जरा पाणी दे.” मी खाली मान घालून तांब्या दिला. माझं लग्न होईपर्यंत तो मला ताईच म्हणत राहिला आणि मला ओ द्यावी लागली. आता वाटतं, माझ्यासारखा तोही त्या शब्दाआड लपला असेल. तेव्हा हे सुचलंच नाही.