सुईनंतरचं वाक्य

कात्री माझ्या नजरेत भरली ती आठवीच्या वर्गात. शेवटच्या तासाला मी मुलांना गोष्ट सांगायला उभं करत असे. तिने एका चोराची गोष्ट सुरू केली. चोर रिकाम्या घरात शिरतो, अंधारात चाचपडत पुढे जातो आणि त्याचा हात कुणाच्या तरी गुडघ्याला लागतो. एवढं सांगून ती जागेवर जाऊन बसली. "मग काय झालं?" म्हणून सगळा वर्ग तिच्या मागे लागला. मीही विचारलं. ती म्हणाली, "पुढचं सांगितलं की मजा जाते, बाई." त्या गोष्टीचा शेवट तिने दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीतही कुणाला सांगितला नाही. एका मुलीने त्यासाठी आपला अख्खा डबा देऊ केला होता. डबा तिने खाल्ला, शेवट मात्र सांगितला नाही.

कात्री हे अर्थातच टोपणनाव. वडील कपडे शिवायचे आणि हिची जीभ चालायची, म्हणून पोरांनीच ते ठेवलं. वडिलांना सगळे मास्तर म्हणत. शाळेच्या समोरच त्यांचं दुकान होतं. एक मशीन, एक कापायचं टेबल, आणि मागच्या दाराने गेलं की घर. आमच्या शाळेचे गणवेश तेच शिवायचे. त्यांनी घातलेली कडेची तुरपाई कपड्याच्या सुलट बाजूने दिसायची नाही. मास्तरांना याचा फार अभिमान. नवं गिऱ्हाईक आलं की ते साडीची किंवा पँटची कड त्याच्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "दाखवा टाका. सापडला तर शिलाई घेत नाही."

पुढे त्यांची नजर अधू झाली. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, पण हे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं होतं, मधोमध धूसर होत जाणारं. मास्तरांनी ते कुणाला कळू दिलं नाही. हात सरावाचा होता. कापड बोटांना कळायचं. अडायचं ते फक्त सुईत दोरा ओवताना. मग त्यांच्या बायकोने एक युक्ती काढली. सकाळी दुकान झाडण्याच्या निमित्ताने ती आधी आत जायची, मशीनच्या सुईत दोरा घालायची, आणि हातशिलाईच्या सुया ओवून छोट्या उशीवर टोचून ठेवायची. पांढऱ्या दोऱ्याच्या डावीकडे, काळ्या उजवीकडे, रंगीत मधे. मास्तर येऊन बसायचे आणि जणू त्यांनीच काल ओवून ठेवल्यासारखी सुई उचलायचे. दोघांत या विषयावर कधी शब्द निघाला नाही. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही, असं ती धरून चालली होती. मलाही हे तिनेच सांगितलं, आणि वर कुणाला बोलू नका म्हणून बजावलं.

कात्री तोवर फिल्म शिकवणाऱ्या एका संस्थेत दाखल झाली होती. वर्षअखेर प्रत्येकाने एक लघुपट करायचा, नावांच्या पाट्यांसकट दहा मिनिटांचा. सगळ्यांत चांगला लघुपट करणाऱ्याला पुढच्या वर्गात दिग्दर्शनाची जागा. जागा एकच. बाकीच्यांनी आपापला रस्ता धरायचा. कात्रीला ती जागा हवी होती. इतर मुलांना घरून पाठबळ होतं, हिला ही एकच उडी मारता येणार होती.

तिने आईबापांवरच फिल्म करायची ठरवली. लिहून काढलं ते तीन अंकांत. पहिल्यात मास्तरांची नजर जाते आणि एक गिऱ्हाईक काळ्या पँटवर निळा दोरा दाखवून जातं. दुसऱ्यात आईचं सकाळचं गुपित, जे आईने तिलाही सांगितलं होतं. तिसऱ्यात मास्तरांना ते कळतं आणि दोघांचा समेट होतो. संस्थेचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, त्यांनी ते वाचून बाजूला ठेवलं. त्यांचं म्हणणं कात्रीने मला नंतर सविस्तर सांगितलं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. मोठ्या चित्रपटात पहिल्या अंकात माणसाची ओळख होते, दुसऱ्यात तो अडकतो, तिसऱ्यात सुटतो किंवा बुडतो. तेच दहा मिनिटांत बसवायला गेलं की पहिली अडीच मिनिटं ओळखीत जातात, मधल्या पाचात अडचण धड तापत नाही आणि उरलेल्या वेळात नुसती उरकाउरक होते. त्यापेक्षा एकच परिस्थिती घ्यावी, तिच्या मधूनच सुरुवात करावी, ती एकदाच उलटवावी, आणि उलटल्यावर तिथे फार रेंगाळू नये. वर्गातल्या एका मुलाने तीन अंकी फिल्म केली होती, एका सायकलची, आणि ती छान जमली होती. पण त्याची गोष्टच इवलीशी होती, असं सर म्हणाले.

एकदाच उलटवायचं म्हटल्यावर तो क्षण खणखणीत हवा. मास्तरांना नाटक येत नव्हतं. कॅमेरा दिसला की ते लग्नाच्या फोटोला उभं राहिल्यासारखे ताठ व्हायचे. तेव्हा कात्रीने त्यांना सांगितलं की काही करू नका, नेहमीसारखं काम करा, मी नुसती बसते. चार दिवस ती बसली. मास्तर तिला विसरले. पाचव्या दिवशी तिने आईला सुया ओवू दिल्या नाहीत.

आई तयार नव्हती. "लोकांसमोर त्यांचा हात अडेल गं," असं ती म्हणत राहिली. एका दिवसाचा तर प्रश्न आहे आणि माझ्या जन्माचा आहे, असं कात्री म्हणाली. शेवटी आईने रिकाम्या सुया उशीवर टोचल्या.

मला ते दृश्य लॅपटॉपवर पाहायला मिळालं. पडद्यावर उमटणारी वाक्यं तपासून घ्यायला ती माझ्याकडे आली होती. दुकानात एक गिऱ्हाईक उभं आहे. मास्तर उजवीकडची सुई उचलतात, कापडातून काढतात, ओढतात. टाका बसत नाही. पुन्हा घालतात, पुन्हा ओढतात. मग अंगठ्याने सुईचं नेढं चाचपतात. हात थांबतो. गिऱ्हाईक काहीतरी विचारतं. त्यांचा चेहरा जवळून दिसतो, आणि त्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लिहू शकत नाही. मग ते मागच्या दाराकडे मान वळवतात. आता मागून नुसतं केस विरळ झालेलं टाळकं दिसतं, आणि आवाज येतो:

"अगं, आज राहिलं का?"

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. पुढे ते हसत बायकोला सांगतात की संध्याकाळी उरलेल्या सुयांतले दोरे मीच काढून ठेवायचो, नाहीतर सकाळी तुला काम काय राहणार. आई पदर तोंडाला लावते. कॅमेरा हललेला, आईचं अर्धं तोंड कापलेलं, पण आवाज अगदी स्वच्छ.

मी म्हटलं, तुला हवं होतं ते एक वळण मिळालं की. या वाक्यावर संपव.

"सर म्हणाले, तोंड दिसत नाही तिथे वळण नाही," कात्री म्हणाली. "आणि सुईचं एक वळण, वाक्याचं दुसरं. दहा मिनिटांत दुसरं पहिल्याला खातं. जखम दाखवायची आणि लगेच वर पट्टी बांधायची, असं होतं ते."

"अगं, पण मग मास्तर फसलेले दिसतील. ते फसलेले नव्हते."

तिने लॅपटॉप मिटला. "बाई, हा निबंध नाही. खरं काय ते लिहून मार्क मिळत नाहीत इथे."

फिल्म आईच्या सकाळच्या सुया ओवण्यापासून सुरू झाली आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर संपली. निळ्या दोऱ्याचा प्रसंग गेला, शेवटचं वाक्य गेलं, पडदा काळा. मला मान्य करायला हवं, त्या सभागृहात कुणी श्वासही घेत नव्हतं. नंतर टाळ्या थांबेनात.

मास्तर पहिल्या रांगेत बसले होते, स्वतः शिवलेल्या कोटात. पडदा त्यांना नीट दिसत नव्हता, पण ऐकू येत होतं. टाळ्यांच्या गदारोळात ते बायकोकडे वाकले. मी पलीकडच्या खुर्चीवर होते.

"माझं बोलणं कुठे गेलं गं?"

तिने त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली.

सरांनी कात्रीला मंचावर बोलावलं आणि मग मास्तरांनाही. दोघांनी धरून त्यांना पायऱ्या चढवल्या. प्रेक्षकांतून एक बाई उठल्या. त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी विचारलं, "काका, तुम्हाला खरंच काही माहीत नव्हतं?"

निवड करणारी मंडळी समोरच बसली होती. माहीत होतं असं मास्तर म्हणाले असते, तर फिल्म तिथेच फुटली असती. कात्री त्यांच्याकडे बघत होती. त्यांना तिचा चेहरा दिसत नसणार, पण ती कुठे उभी आहे हे कळत होतं. त्यांनी मान तिच्या बाजूला वळवली.

"नव्हतं," मास्तर म्हणाले. "कळलंच नाही मला कधी."

लोक हळहळले. कात्रीने त्यांना हात धरून खाली आणलं. जागा तिला मिळाली.

फिल्म मग फोनवरून सगळीकडे फिरली. आमच्या शाळेच्या मुलांनी दुकानापुढे उभं राहून बोटं नाचवायला सुरुवात केली, "मास्तर, किती बोटं?" मी एकदोघांचे कान पिळले, पण मी आता निवृत्त, माझ्या कान पिळण्याला कोण विचारतं. गिऱ्हाइकं शिवलेला कपडा घेताना उलटा करून बघू लागली. ज्या कडेवर मास्तर पैजा लावायचे, ती लोक उजेडात धरून तपासायचे. एक बाई हसत हसत म्हणाल्या, "हे काकूंनी शिवलंय ना? मग ठीक." पुढच्या वर्षी शाळेने गणवेश दुसरीकडे दिले. बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्याचं कारण सांगताना त्या फिल्मचंच फार कौतुक केलं.

सुया ओवणं थांबलं नाही, पण आता ते उघड झालं. मास्तर सगळ्यांसमोर हाक मारायचे, ती येऊन ओवून द्यायची. सकाळची झाडलोट तिने दुपारवर ढकलली. दोघं एकमेकांशी जरा मोठ्याने बोलू लागले, परकी माणसं बोलतात तसे. पुढे मशीन विकलं. दुकानाच्या जागेत हल्ली मोबाइल दुरुस्त होतात.

एकदा कात्री आईवडिलांकडे आली होती तेव्हा मी तिथे जाऊन तिला विचारलं, ते वाक्य अजून आहे का तुझ्याकडे? म्हणाली, आहे, कुठल्यातरी डिस्कवर असेल. मग मी विचारलं, कधी कुणाला दाखवलंस?

"कशाला? बाबांनी स्वतःच सांगितलं ना सगळ्यांसमोर, माहीत नव्हतं म्हणून." ती माझ्या कपात चहा ओतत होती, अगदी प्रेमाने, साखर विचारून. "आता मीही तसंच सांगते."

मास्तर आत खाटेवर बसले होते. ऐकत असावेत.

कात्री आता त्याच संस्थेत पहिल्या वर्षाच्या मुलांना लघुपटाची मांडणी शिकवते. पहिल्या तासाला ती वडिलांची फिल्म दाखवते.