व्रत घेण्याआधीचा प्रश्न

फेस्ताला, आमच्या चर्चच्या सणाला, नाटक बसवून द्या म्हणून गावच्या उत्सव समितीची माणसं आली, तेव्हाच मी दार लावून घ्यायला हवं होतं. पण निवृत्त झालेल्या इतिहासाच्या बाईला कुणी विषय विचारला की ती पाघळते. म्हटलं, क्रुसेडच्या काळातले संन्यासी शिलेदार करूया, जेरुसलेमच्या मंदिरावरून ज्यांचं नाव पडलं ते.

"पाद्री आणि तलवार? टीचर, ह्या कसा काय?" झाली सुरुवात. अरे देवा, ते पाद्री नव्हते! पाद्र्याला रक्त सांडायला बंदी. या शिलेदारांच्या मंडळात पाद्री वेगळे असत, ते मिसेची उपासना करत, कुमसारात पापांची कबुली ऐकत, तलवारीला हात लावत नसत. लढणारे होते ते व्रत घेतलेले बंधू. ब्रह्मचर्य, निर्धनता, आज्ञापालन ही तीन व्रतं घ्यायची आणि मग घोड्यावर बसायचं. घोडा मंडळाचा, चिलखतही मंडळाचं. दिवसरात्रीच्या प्रार्थना ठरलेल्या, लॅटिन येत नसेल तर तेवढ्या वेळा 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायची. जेवताना गप्प बसून धर्मग्रंथ ऐकायचा. रणात हुकुमाशिवाय घोडा पुढे काढायचा नाही आणि निशाण उभं आहे तोवर मागे फिरायचं नाही. आईचासुद्धा मुका घ्यायचा नाही.

"आवशीचो पण नाय?" सगळे हबकले. मग एकाने विचारलं, "गाणा खंय आसा? हिरॉइन खंय आसा?" मी डोकं धरून बसले.

पांढरा झगा फक्त शिलेदारांना, खालच्या सार्जंटांना काळा नाहीतर तपकिरी, हे सांगितल्यावर दोन सार्जंट दोन दिवस रुसले. त्यांची समजूत घालता घालता माझा घसा बसला.

नायक देवबागचा, पर्यटकांना बोटीतून फिरवणारा, तिशीचा, दाढी छान. त्याचा झगा त्याच्या आईने शिवला. पहिल्याच प्रवेशात तो मंडळात दाखल व्हायला येतो. प्रमुख त्याला बजावतो, बाहेरून तुला आमचे घोडे आणि कपडे दिसतात, आतलं दिसत नाही. झोप आली की जागवू, भूक लागली की थांबवू, समुद्राच्या या काठाला राहावंसं वाटलं की त्या काठाला धाडू. मग प्रश्न. बायको आहे का, वाग्दत्त वधू आहे का? दुसऱ्या मंडळाचं व्रत घेतलंयस का? न फिटणारं कर्ज? लपवलेला आजार? कुणाचा गुलाम आहेस? खोटं बोललास आणि नंतर उघड झालं, तर झगा उतरवून हाकलून देऊ.

तालमीत हा बाबा पहिल्याच प्रश्नाला अडखळायचा. एवढंसं 'नाही', तेही याला जड! "अरे, मोठ्याने बोल, घशात बांगडो अडकलो काय?" असं मी रोज ओरडायची.

फेस्ताच्या चार दिवस आधी एक मुलगी माझ्या घरी आली. माझीच विद्यार्थिनी, नवरा समुद्रात गेलेला, चार वर्षं विधवा. "टीचर, तो प्रश्न काढून टाका मां," म्हणाली आणि रडायलाच लागली. दोन वर्षांपूर्वी आमच्या या नायकानेच तिला लग्नाचं वचन दिलेलं. स्वतःच्या आईसमोर मात्र त्याची वाचा बंद. इकडे तिच्या भावाने गोव्यातला एक विधुर बघून ठेवलेला, फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी त्याला होकार जायचा. "सगळ्या गावासमोर त्याच्या तोंडातसून 'नाय' ऐकूचा धीर माका नाय."

मला इतका संताप आला! त्याचा तर आलाच, तिचाही आला. म्हटलं, तो प्रश्न काढला तर उरलं काय? घरदार मागे ठेवलेला माणूसच त्या मंडळाला हवा होता, म्हणून तर आधी विचारून घेत. तुझ्या माणसाची भीती झाकायला मी इतिहास कापणार नाही. ती निघून गेली. मला रात्रभर वाईट वाटलं, पण तो प्रश्न मी काढला नाही.

फेस्ताच्या दुपारी मिसा झाली, मांडव भरला. त्याची आई पहिल्या रांगेत, ती मुलगी भावाशेजारी मागे. प्रमुख झालेले आमचे निवृत्त पोस्टमास्तर, शिस्तीचे. त्यांनी विचारलं, "तुला बायको किंवा वाग्दत्त वधू आहे काय?"

हा मागच्या रांगेकडे बघत राहिला. मी विंगेतून कुजबुजले, "नाही म्हण." पोस्टमास्तरांनी पुन्हा विचारलं.

"आसा," तो म्हणाला.

माझे दीड महिन्याचे कष्ट पाण्यात! पुढे सगळी लढाई बाकी, आणि नायक दारातच अपात्र. पोस्टमास्तरांना नियम मी इतका घोटून दिलेला की ते शांतपणे म्हणाले, "मग बाळा, तुला घेता येणार नाही. झगा काढ." त्याने काढला, घडी केली, त्यांच्या हातात दिला. मागे पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन शिलेदार खुळ्यासारखे उभे.

त्याची आई ताडकन उठली. "कोण ती? नाव सांग!"

त्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मागच्या रांगेत, भावाने धरलेला हात सोडवून, ती उभी राहिली.

"मी," ती म्हणाली.