ठोकळाताई

माझ्या थोरल्या बहिणीला सगळे ठोकळाताई म्हणतात. तोंडावरसुद्धा म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. या नावामागे दोन कारणं आहेत. एक म्हणजे तिचं काम. दुसरं तिचा चेहरा, ज्यावर कधी काही उमटत नाही. लहानपणी मी तिला चिमटे काढून पाहायचे. ती "झालं तुझं?" एवढंच विचारायची.

ती स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या मागच्या खोलीत बसते. परीक्षा संगणकावर होते. प्रश्नपत्रिका घरी आणता येत नाही आणि सोबत कोरा कागदसुद्धा नेऊ देत नाहीत. मग बाहेर पडलेल्या उमेदवारांना ताई फोन लावते आणि त्यांच्या डोक्यात जे काय उरलंय ते गोळा करते. त्यातून तिने जुळवलेली प्रश्नपत्रिका क्लासच्या पुढच्या तुकडीला मिळते. कुणाला आकडे आठवतात, कुणाला पर्याय. आकृती मात्र कुणालाच धड आठवत नाही. म्हणून फासे आणि ठोकळ्यांचे प्रश्न ताईच्या वाट्याला आले. ती स्वतः सात वेळा परीक्षेला बसली, सातही वेळा थोडक्यात हुकली आणि मग वय संपलं. त्यानंतर तिने ही खुर्ची धरली ती आजतागायत.

रंगवलेल्या ठोकळ्यांचं तिला सोपं जातं, कारण तिथे आकृती गेली तरी हिशेब राहतो. एकदा दोन उमेदवार फोनवर एकमेकांच्या अंगावर धावून जायचे बाकी होते. सगळ्या बाजूंनी रंगवलेल्या ठोकळ्याचे चौसष्ट तुकडे केले, उत्तर चोवीस, इथपर्यंत दोघांचं एकमत. एक म्हणे, दोन बाजू रंगलेले तुकडे विचारले होते. दुसरा म्हणे, एकच बाजू रंगलेले.

"अहो, भांडू नका," ताई म्हणाली. "बारा कडांवर दोन-दोन, चोवीस. सहा बाजूंवर चार-चार, तेही चोवीसच. प्रश्न कुठलाही असो, गुण दोघांनाही मिळाला."

फाशांचं तसं नाही. उलगडलेल्या ठोकळ्याची आकृती हरवली की कुणाच्या विरुद्ध कोण हे सांगायला काही आधारच उरत नाही. अशा वेळी लोक सरळ एकासमोर सहा, दोनासमोर पाच असं धरून मोकळे होतात. ताईला त्याचा राग येतो. "खऱ्या फाशावर समोरासमोरचे मिळून सात होतात म्हणून प्रश्नातही होतात का?" असं ती विचारते, तेही आवाज न चढवता.

यंदा परीक्षेला मी बसले होते. माझाही हा शेवटचाच प्रयत्न, पुढच्या महिन्यात वयाची अट ओलांडते. परीक्षेनंतर चाळीस दिवसांनी उत्तरतालिका आली. पास व्हायला साठ गुण लागतात. मी तीनदा मोजले, तिन्ही वेळा एकोणसाठ भरले. मला रडू आलं नाही. हातपाय आपापली कामं करत होते. मी भांडी घासली, गॅलरीतले कपडे काढले, घड्या घातल्या. घड्या नीट आल्या याचंच मला आश्चर्य वाटत होतं.

चुकलेल्यांत एक प्रश्न ठोकळ्याचा होता. 'आकृतीची घडी घालून ठोकळा केल्यास क च्या विरुद्ध बाजूस कोणते अक्षर येईल?' माझं उत्तर ग. तालिकेत घ. आणि आकृतीच्या जागी नुसती रिकामी चौकट, काहीतरी बिघडून चित्र उडालं होतं. हरकत नोंदवायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत.

मला ती आकृती लख्ख आठवत होती. क, ख, ग, घ एका सरळ पट्टीत, वर च, खाली छ. सरळ पट्टीत एक सोडून दुसरा विरुद्ध येतो, हे शेंबडं पोरही सांगेल. क च्या विरुद्ध ग. म्हणजे चूक तालिकेची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी क्लासवर गेले. क्लासचे मालक, सर, उड्या मारायचेच बाकी होते. "चित्रच नाही ना? मग घाला गोंधळ! पन्नास जणांनी हरकत घेतली की प्रश्न रद्द, गुण सगळ्यांना. ताई, हिला पट्टीची आकृती काढून द्या. तुमच्या हातची असली की बाकीचे डोळे झाकून तीच जोडतील."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "पट्टीच होती?"

"अगं, डोळ्यांसमोर आहे माझ्या."

"मी फोन केलेले बाकी अकरा जण पायऱ्या म्हणतात."

"अकरा जण चुकले असतील! एकदा तरी माझ्या बाजूने बोल ना. तुझं काय जातंय?" मी चांगलीच ओरडले. सर फोन आल्याचं निमित्त करून बाहेर सटकले.

 ताईने कपाटातून परीक्षेच्या दिवसाची वही काढली. तिची एक सवय आहे. ज्याला जे आठवतं ते ती त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवते. नंतर कुणी बदलून सांगितलं तर धरत नाही. ती म्हणते, आठवण नंतर घरातल्या घरात कपडे बदलते.

एक पान दुमडून आत खोचलेलं होतं. तिने ते उघडून माझ्यासमोर ठेवलं. अकरा नव्हे, बारा नावं होती. सगळ्यात वर लिहिलं होतं, 'धाकटी, दुपारी अडीच.'

'पायऱ्या होत्या गं. क आणि ख शेजारी, ख च्या खाली ग, त्याच्या शेजारी घ, घ च्या खाली च, शेजारी छ. मी एक सोडून दुसरा लावला. ग. बरोबर ना?'

त्यापुढे ताईने काहीच लिहिलं नव्हतं.

मी जुन्या पुठ्ठ्यातून तशाच पायऱ्यांच्या, एकमेकींना जोडलेल्या सहा चौकटी कापल्या. त्यांवर अक्षरं लिहिली आणि घड्या घालून ठोकळा केला. ग आपला क ला लागून असलेल्या बाजूवर जाऊन बसला. पसरलेल्या आकृतीत तो क च्या कोपऱ्याला टेकलेला होता, तो विरुद्ध जाणार कसा? समोर आला घ. पायऱ्यांत तीन घरं पुढे मोजायचं असतं, हे मी स्वतः दोन वर्षं शिकवणीच्या पोरांना समजावलंय. घाईत पट्टीचा नियम पायऱ्यांना लावला. मग चाळीस दिवसांत पायऱ्या मोडून पट्टी करून टाकली आणि मला कळलंसुद्धा नाही.

पावणेपाच वाजले होते. फॉर्म फोनवर उघडाच होता.

"तुला त्याच दिवशी कळलं होतं," मी म्हणाले.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

ताईने वही मिटली. "घरी आलीस ती हसत आलीस. ताट वाढलं, तर पोटभर जेवलीस. म्हटलं, असू दे. दोन घास सुखाने खातेय." मग ती म्हणाली, "माझ्या सातव्या खेपेला मला त्याच दिवशी कुणीतरी सांगितलं होतं."

तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. पण पुठ्ठ्याचा ठोकळा तिने हातात घट्ट धरला होता, इतका की त्याची एक कड दबली.

पाच वाजता फॉर्म आपोआप बंद झाला. सर आत आले आणि म्हणाले, "काय, टाकली का हरकत?"

"नाही," मी म्हणाले. "उत्तर घ आहे."

मग ताईने दिवा लावला आणि आम्ही दोघी तो दबलेला ठोकळा सरळ करत बसलो.