सुभद्राबाईचा येसर आणि रंगरावाची शेगडी

चाकणला आमच्या खोल्यांत लई भाडेकरू आले नि गेले, पण रंगरावासारखा हट्टी एक न्हाई. लातूरकडचा गडी, कंपनीच्या गेटवर वॉचमन. बायको सुभद्राबाई गेल्या उन्हाळ्यात वारली. तिच्या हातचा येसर डब्यात मूठभर उरला होता. येसर म्हंजी त्यांच्याकडचा मसाला, त्याची झणझणीत आमटी करत्यात.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. लेक दिव्या सासरहून भेटायला आलेली, संध्याकाळी माघारी जायची. आईच्या येसरची आमटी तिला खाऊ घालायची, एवढंच रंगरावाच्या डोक्यात. तेही सुभद्राबाईच्याच ॲल्युमिनियमच्या पातेल्यात.

इंडक्शनच्या शेगडीवर ठेवलं की टींऽऽ टींऽऽ! पातेलं काही तापंना.

"अवो, त्याला लोखंड लागतंय," मी वरडले. "चुंबक चिकटतंय का बघा!"

न्हाई चिकटलं. तर ह्या बाबानं लोखंडी तवा ठेवून वर पातेलं ठेवलं! हळूहळू आधण आलं, तसा त्यानं अख्खा येसर कालवून ओतला. आणि शेगडी आपोआप बंद. मधल्या तव्यानं काच भट्टीगत तापलेली. त्यात शेगडी भिंतीला खेटून, हवेची भोकं बुजलेली.

"आता वाया जातंय हो, आक्का," म्हणाला. एवढा मोठा बाप्या, पण पोरागत बंद शेगडीची बटनं दाबत राह्यला.

माझा जीव तुटला. गॅस द्यावा तर माझंच सिलिंडर संपलेलं. माझी भांडी चाचपून चुंबक चिकटणारं स्टीलचं पातेलं काढलं, आमटी त्यात ओतली. शेगडी भिंतीपासून ओढून गार होऊ दिली. त्यानं बायकोचं पातेलं धुतलं नि उगाच पुसत बसला.

शेगडी परत लावली. चांगली उकळी फुटायच्या आधीच शेगडी पुन्हा मेली! छताचा पंखाबी बैलगाडीगत रेंगाळला. सुट्टीची दुपार, सगळ्या खोल्यांतल्या शेगड्या एकदम चालू. व्होल्टेज पार पडलेलं.

मग मी अंगणात उभी राह्यले. "ए नवनाथ! गोरक्ष! सगळ्यांनी शेगड्या बंद करा रं! न्हाईतर भाडं वाढवीन!"

भाडेकरू पोरं कुरकुरली, पण बटनं दाबली. पंखा भरारला, शेगडी पुन्हा लावली नि आमटी रटरटली. वासानं पोरं दाराशी येऊन उभी. समद्यांना आपापलं घर आठवलं असंल.

दिव्यानं भाकरी कुस्करली, एक घास घेतला नि थांबली. "बाबा, थोडा येसर ठेवायचा होता की. आईच्या हातचा."

"ठेवून काय करू माय? डबा उघडला की रोज वास कमी यायचा," रंगराव म्हणाला. "आता तुझ्या पोटात तरी गेला."

दिव्या रडत रडत जेवली. बापानं तिला अजून वाढलं, आणि स्वतःला घ्यायचंच विसरला.